प्लेस्टेशन 2 चे मेमरी कार्ड : निवड, चाचणी आणि बॅकअप

सन 2000 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 2 या कन्सोलवर खेळाची प्रगती सोनीच्या खास आकाराच्या 8 एमबी कार्डावर सेव्ह होते. कार्डात फ्लॅश चिप असते, बॅटरी नसते. त्यामुळे जुन्या कार्ट्रिजप्रमाणे सेल उतरला म्हणून सेव्ह उडत नाहीत. पहिल्या प्लेस्टेशनचे 128 केबीचे कार्ड याच खाचेत बसते, पण त्यावर प्लेस्टेशन 2 चे खेळ सेव्ह होत नाहीत.

सोनीने स्वतःच्या नावाने 8 एमबीचेच कार्ड विकले. त्यामुळे ‘सोनी’ छापलेले 64 किंवा 128 एमबीचे कार्ड दिसले की ते नकली समजावे. इतर कंपन्यांची मोठी कार्डे चालतातही, पण काही खेळ ती नीट ओळखत नाहीत. महत्त्वाच्या सेव्हसाठी जुने, पण अस्सल 8 एमबीचे कार्डच बरे.

कार्ड फॉरमॅट झाले म्हणजे ते चांगले, असे नाही. नकली कार्डात बऱ्याचदा खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावरच लिहिला जातो आणि स्क्रीनवर चूक दिसत नाही. चाचणीसाठी कन्सोलवर uLaunchELF हा फाइल व्यवस्थापक लागतो; तो बहुधा फ्री मॅकबूट हे सॉफ्टवेअर घातलेल्या कार्डावरून चालवतात. ते कार्ड पहिल्या खाचेत (`mc0:/`) आणि तपासायचे रिकामे कार्ड दुसऱ्या खाचेत (`mc1:/`) ठेवावे. लिनक्स संगणकावर 7 एमबीची फाइल तयार करावी आणि तिचा हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, टिपून ठेवावा:

```
head -c 7340032 /dev/urandom > t1.bin
sha256sum t1.bin
```

शून्यांनी भरलेली फाइल इथे कुचकामी, कारण तिचा एक भाग दुसऱ्यावर लिहिला गेला तरी फरक कळत नाही. 64 एमबीच्या कार्डासाठी अशा 8 फाइली कराव्यात, प्रत्येकीचा मजकूर वेगळा. FAT32 पेनड्राइव्हवरून (`mass:/`) त्या कार्डावर नव्या फोल्डरमध्ये कॉपी कराव्यात. यूएसबी 1.1 आणि कार्ड दोन्ही मंद, तेव्हा धीर धरावा. मग कन्सोल बंद करून कार्ड काढावे, परत बसवावे, सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर आणून हॅश जुळवावेत. पहिलीच फाइल बिघडून आली आणि शेवटची शाबूत असली, तर जागेचा आकडा खोटा आहे. दर वेळी वेगळी फाइल बिघडत असेल, तर आधी कार्डाचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहावेत.

बॅकअपमध्ये नुसते फोल्डर कॉपी करणे ही नेहमीची चूक. पेनड्राइव्हवर सेव्हची तारीख आणि गुणधर्म टिकत नाहीत, आणि काही खेळ मग ते सेव्ह ओळखत नाहीत. म्हणून `mc0:/` मधले सेव्हचे फोल्डर निवडून R1 च्या यादीत Copy करावे आणि `mass:/` मध्ये जाऊन साध्या Paste ऐवजी `psuPaste` निवडावे. दर सेव्हची एक `.psu` फाइल होते. युरोपीय आवृत्तीच्या फोल्डरचे नाव सहसा `BES` ने, अमेरिकीचे `BAS` ने सुरू होते. एका आवृत्तीचा सेव्ह दुसऱ्या आवृत्तीच्या डिस्कला सहसा दिसत नाही.

परत आणताना `.psu` फाइल Copy करून कार्डावर पुन्हा `psuPaste` करावे. मूळ कार्ड पुसण्याआधी हा सेव्ह दुसऱ्या कार्डावर उतरवून खेळात उघडून पाहावा.