दहा वर्षांची मुदत नेमकी कशाला?

"आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं ना?"

ती मुदत संविधानाच्या कलम ३३४ मधली, फक्त लोकसभा-विधानसभांतल्या राखीव जागांची. संसद ती घटनादुरुस्ती करून वाढवत आली. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती आता २०३० पर्यंत आहे. नोकऱ्यांचं कलम १६(४) स्वतः वाचा, त्यात मुदतीचा शब्दही नाही. शिक्षणाचं १५(४) तर मूळ संविधानात नव्हतंच. मद्रासमधले जातनिहाय प्रवेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, म्हणून १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत ते आलं.

आणि ही कल्पना संविधानाहून जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्येच कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. आरक्षण किती, कुणाला, यावर वाद जरूर घाला. एकूण आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयानेच १९९२ मध्ये, इंद्रा साहनी खटल्यात घातली.