झिणझिण्या (विद्युत उपकरणांच्या)

फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या धातूच्या भागाला हात लागताच बोटांत जाणवणाऱ्या मुंग्या. बहुतेकदा उपकरणाचे अर्थिंग तुटल्याची किंवा मुळातच नसल्याची ही खूण असते. उपकरणाच्या आत बिघाड आहेच, असे एवढ्यावरून ठरत नाही.

ही संवेदना कशी निर्माण होते, याची दोन स्पष्टीकरणे आहेत. रूढ समजुतीनुसार शरीरातून जाणारा प्रवाह मज्जातंतूंना चेतवतो. त्यासाठी साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाह लागतो. १९५३ मध्ये संशोधक मॅलिनक्रॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे कारण दाखवले: कोरडे बोट विद्युतभारित पृष्ठभागावरून हळुवार फिरवले, तर बदलत्या विद्युतदाबामुळे त्वचा पृष्ठभागाकडे ओढली जाते व सुटते. त्यामुळे घर्षण कमीजास्त होऊन गुळगुळीत पत्रा खरखरीत लागतो; बोट स्थिर ठेवले की खरखर थांबते. फ्रिजच्या दाराच्या कडेवरची हलकी थरथर बहुधा या दुसऱ्या प्रकारची असावी. स्थिर हातालाही, विशेषतः ओल्या हाताला वा अनवाणी उभे असताना झोंबते, तेव्हा पहिले स्पष्टीकरण अधिक पटते.

बिघाड नसताना बॉडीवर विद्युतदाब येतो कोठून? अनेक वॉशिंग मशीनांत विद्युत गोंगाट रोखणारा व्यत्यय-फिल्टर असतो. त्यातला एक कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर बॉडी मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. प्रत्येक कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा धरला, तर स्पर्शातून जास्तीत जास्त सुमारे ०.३४ मिलिअँपिअर वाहतो: कोणाला जाणवेल, कोणाला नाही.

डिजिटल मल्टिमीटर फसवतो तो येथे. त्याचा अंतर्गत रोध फार मोठा असल्याने निरुपद्रवी गळतीतही तो शंभरावर व्होल्ट दाखवतो. टेस्टरही उजळू शकतो. जाणकार तंत्रज्ञ बॉडी व खात्रीच्या अर्थमध्ये दहा हजार ओहमचा, पुरेशा वॅटचा रोधक जोडून पुन्हा मोजतो. वरील उदाहरणात वाचन तीन-चार व्होल्टवर कोसळते. मात्र हीटरचे रोधन खराब होऊन फेजकडून पन्नास हजार ओहमची वाट झाली असेल, तर वाचन चाळीस व्होल्टच्या आसपास टिकते आणि ओल्या हातातून चार मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. असे मशीन लगेच प्लग काढून बंद ठेवावे. झिणझिण्या पाणी तापू लागल्यावरच येत असतील, तर संशय हीटरवर जातो. मग पुरवठा तोडून मेगर या रोधन मोजणाऱ्या यंत्राने तपासणी करतात.

गळती वाढताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी या गळतीवर पडत नाही, कारण प्रवाह तिच्या मर्यादेपेक्षा खूपच कमी असतो. उपाय म्हणून सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडणे घातक आहे: न्यूट्रल तुटला, की सगळी बॉडी थेट फेजच्या दाबावर येते. अर्थिंग जोडलेले असूनही घरातल्या सर्व उपकरणांना एकदम झिणझिण्या येऊ लागल्या, तर दोष बहुधा अर्थच्या मुख्य तारेत किंवा इलेक्ट्रोडच्या जोडणीत असतो. एका उपकरणाची गळती त्याच तारेने इतरांपर्यंत पोहोचते.