गेंडा, रेडा की रानडुक्कर?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बळसाणे हे विमलनाथांचं तीर्थ आहे. विमलनाथ हे जैनांचे तेरावे तीर्थंकर. पण मूर्तीच्या चेहऱ्याकडे पाहून ते तेरावे आहेत की अकरावे, हे कुणालाही सांगता येणार नाही. पद्मासन, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात, अर्धोन्मीलित डोळे, छातीवर श्रीवत्स, सगळं सारखंच. चोवीस तीर्थंकरांपैकी शरीरावरून पटकन ओळखू येतात ते मोजकेच: खांद्यावर केसांच्या बटा रुळतात ते ऋषभनाथ, डोक्यावर सात फण्यांचा नाग असतो ते पार्श्वनाथ. पाच फणे दिसले तर बहुधा सुपार्श्वनाथ. बाकीच्यांसाठी नजर खाली, आसनाच्या मध्यावर न्यावी लागते. तिथे अंगठ्याएवढी एक आकृती कोरलेली असते, तेच लांछन, म्हणजे त्या तीर्थंकराची ओळखखूण.

खरी कसोटी लागते ती अकरा ते तेरा या क्रमांकांना. श्रेयांसनाथांचं लांछन गेंडा, वासुपूज्यांचं रेडा आणि विमलनाथांचं वराह, म्हणजे रानडुक्कर. तिन्ही जनावरं जाडजूड, आखूड पायांची. नवी मूर्ती असेल तर प्रश्नच नाही. पण रोजच्या प्रक्षाळाने आणि कापडाने पुसून पुसून उठाव झिजतो, मग उरतो तो चार पायांचा एक गोळा.

अशा वेळी आधी हे बघायचं की आपण पाहतोय ते लांछनच आहे ना. तीर्थंकरांचं आसन हे सिंहासन, त्यामुळे कुठल्याही तीर्थंकराच्या पीठाच्या दोन्ही टोकांना सिंह असू शकतात. त्यांच्यामुळे मूर्ती महावीरांची ठरत नाही. महावीरांचा सिंह मध्यावर, एकटा असतो. पश्चिम भारतातल्या मूर्तींवर मधोमध धर्मचक्र आणि त्याच्या दोन बाजूंना हरणं दिसतात, त्या जोडीवरून शांतिनाथ म्हणणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. शिवाय अंबिका यक्षीचं वाहन सिंहच आहे. आपल्याकडच्या जुन्या मूर्तींवर ती कुठल्याही तीर्थंकराशेजारी बसलेली सापडते, म्हणून तिच्यावरूनही नाव ठरवता येत नाही.

लांछन पक्कं झालं की बॅटरीचा झोत समोरून न टाकता एका कुशीवरून, जवळजवळ दगडाला समांतर धरायचा. सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर सावल्या उमटतात आणि बाह्यरेषा वर येते. प्रकाशाची बाजू बदलत तीन-चार फोटो घ्यावेत. पूजेतल्या मूर्तीवर खडू, पीठ किंवा शाई लावून ठसा काढू नये. त्याने उरलासुरला उठावही जातो आणि पूजा करणाऱ्यांचं मन दुखावतं.

आता डोकं बघा. रेड्याची शिंगं डोक्यावरून निघून मागे वळतात आणि शेपूट लांब लोंबते. गेंड्याचं शिंग नाकाडावर असतं. खानदेशात गेंडा कुणी रानात पाहिलेला नाही, त्यामुळे मूर्तिकार तो ऐकीव माहितीवर किंवा जुन्या नमुन्यावरून घडवत, आणि तो कधीकधी शिंग लावलेल्या बैलासारखा निघतो. वराहाचं मुस्काट लांबट आणि जमिनीकडे झुकलेलं असतं, पाठीवर केसांचा कणा, शेपूट तोकडी. शिंगांचा भाग पार झिजला असेल तर शेपटीकडे जावं. ती खालपर्यंत लोंबत असेल तर वराह बाद होतो.

दिगंबर मूर्ती असेल तर आणखी एक अडचण येते. चौदाव्या अनंतनाथांचं लांछन त्या परंपरेत साळिंदर आहे, श्वेतांबरांत मात्र श्येन पक्षी. पाठीवर केस उभारलेला वराह आणि काटे उभारलेलं साळिंदर झिजल्यावर सारखेच दिसतात. फरक विस्तारात असतो: वराहाचा कणा पाठीच्या मधोमध एका ओळीत, साळिंदराचे काटे पाठीवर पसरून मागच्या बाजूला जातात. म्हणून मूर्ती कोणत्या परंपरेतली हे आधी ठरवलं पाहिजे. वस्त्राची खूण नसलेली, उघडी उभी कायोत्सर्ग मूर्ती दिगंबर परंपरेकडे बोट दाखवते. बसलेल्या मूर्तीत हे ठरवणं अवघड.

हे सगळं लांछन कोरलेलं असेल तरच. मथुरेच्या कुषाणकालीन मूर्तींवर लांछनं नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणची नागार्जुन कोठडी किंवा तशी जुनी लेणी पाहताना, बेसाल्टात कोरलेल्या झिजक्या मूर्तीला लांछनाशिवाय नाव देण्याची घाई करू नये. वहीत ‘तीर्थंकर, लांछन अस्पष्ट’ एवढंच लिहिलेलं बरं.

धातूच्या छोट्या मूर्तींचं सुदैव असं की त्यांच्या पाठीवर अनेकदा लेख असतो. ‘श्रीविमलनाथबिंबं कारितं’ अशी ओळ मिळाली की पुढचं जनावर काहीही दिसत असलं तरी वाद मिटतो. सोबत विक्रम संवत असेल तर त्यातून 57 वजा करायचे. संवत 1535 म्हणजे साधारण 1478. म्हणून देवघरात धातूची मूर्ती असेल तर पूजा करणाऱ्यांच्या परवानगीने आधी तिची पाठ बघा, लांछन नंतर.