सारकॉइडोसिसमधले सहा महिने: औषधाविना थांबण्याची प्रथा कुठून आली

सारकॉइडोसिस म्हणजे अवयवांत पेशींचे बारीक पुंजके, ग्रॅन्युलोमा, तयार होणारा आजार. पुण्यात फुप्फुसांच्या सारकॉइडोसिसचा पेशंट छातीच्या डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा त्याच्या फाइलमध्ये अनेकदा एकेटीचा, म्हणजे टीबीच्या औषधांचा, एक कोर्स आधीच होऊन गेलेला असतो. खोकला होता, एक्स-रेत छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या, सुईने घेतलेल्या तुकड्यात टीबीतही दिसणारा ग्रॅन्युलोमा आला, आणि टीबीच्या देशात टीबीच धरला गेला. नंतर निदान बदलते आणि पेशंटला सांगितले जाते की आता काही महिने कोणतेच औषध नको, नुसती नजर ठेवू. घरच्यांना हे पटत नाही. या 'नजर ठेवण्या'मागे मात्र साठ-सत्तर वर्षांचा वाद आहे.

आजाराची पहिली वर्णने एकोणिसाव्या शतकातली आणि कातडीवरच्या गाठींची आहेत. फुप्फुसांकडे लक्ष गेले ते छातीचे एक्स-रे सर्रास निघू लागल्यावर. खरी कलाटणी १९६१ ची. लंडनमधल्या एका छातीच्या डॉक्टरांनी १३६ पेशंटांचा पाच वर्षांचा आढावा छापला आणि एक्स-रेवरून त्यांचे गट पाडले. आजही रिपोर्टवर जी 'स्टेज' लिहिली जाते ती त्याच वाटणीतून आलेली आहे. स्टेज १ म्हणजे फुप्फुसांच्या मुळाशी फक्त गाठी, २ म्हणजे गाठी आणि फुप्फुसातही डाग, ३ म्हणजे फक्त डाग, आणि ४ म्हणजे व्रण पडून आक्रसलेले फुप्फुस. पहिल्या गटातल्या बहुतेकांचा आजार आपोआप जातो, पुढच्या गटांत ही शक्यता घटत जाते, आणि व्रण मात्र भरून येत नाहीत. इथली स्टेज कर्करोगासारखी पायरीपायरीने चढत नाही. स्टेज ४ चा माणूस वर्षानुवर्षे स्थिर राहू शकतो, आणि स्टेज १ च्या माणसाच्या हृदयात आजार शिरलेला असू शकतो. औषध द्यायचे की नाही, हे एवढ्या आकड्यावर ठरत नाही.

स्टेरॉइड तोवर आलेच होते. १९५० च्या दशकात ते दिले की सावल्या विरघळत, गोळ्या थांबवल्या की बऱ्याच जणांच्या परतत. मग दोन तट पडले. आपोआप बरे होणाऱ्या माणसाला वजनवाढ, साखर आणि हाडांची झीज कशासाठी द्यायची, असा एकांचा सवाल होता. थांबण्याच्या नादात व्रण पडले तर ते कोण परत करणार, असे दुसरे म्हणत. या वादाला आकडे मिळाले ते १९९६ मध्ये छापलेल्या एका ब्रिटिश अभ्यासातून. त्यात १४९ पेशंट होते. त्यांतल्या ३३ जणांना त्रासामुळे सुरुवातीलाच स्टेरॉइड द्यावे लागले. बाकीच्यांना सहा महिने काहीच दिले नाही, तेव्हा ५८ जणांचा एक्स-रे आपोआप सुधारला. उरलेल्या ५८ जणांचे दोन भाग केले: काहींना दीर्घकाळ स्टेरॉइड, काहींना गरज पडली तरच. दीर्घकाळ औषध घेतलेल्यांची फुप्फुसे शेवटी थोडी बरी निघाली, पण गरजेपुरतेच औषध मिळालेल्यांपैकीही बहुतेकांचे त्यावाचून निभावले. दोन्ही तटांनी या अभ्यासात आपापला विजय पाहिला. माझ्या मते त्याची खरी कमाई ते पहिले सहा महिने आहेत, कारण कोणाला औषध लागणारच नाही, हे त्यांतच उघड झाले.

आपल्याकडचा घोळ नेमका इथेच होतो. एकेटीचा नेहमीचा कोर्सही सहा महिन्यांचाच. सारकॉइडोसिसच्या पेशंटला टीबी समजून औषधे दिली आणि त्याच काळात आजार आपोआप ओसरला, तर श्रेय गोळ्यांना जाते आणि निदान कायमचे चुकीचे राहते. ओसरला नाही तर 'औषध लागू पडत नाही' म्हणून रेझिस्टंट टीबीचा संशय येतो आणि आणखी कडक गोळ्यांची चर्चा सुरू होते.

म्हणूनच स्कॅन नीट वाचणे महत्त्वाचे. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, सारकॉइडोसिसच्या गाठी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या असतात आणि श्वासनलिकेच्या उजवीकडेही दिसतात. फुप्फुसातले बारीक दाणे लसीकावाहिन्यांच्या वाटेने बसतात, म्हणजे श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने, खंडांमधल्या फटींवर आणि आवरणाखाली. फट मण्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. जोर वरच्या आणि मधल्या भागात असतो. टीबीच्या गाठी बहुधा एकाच बाजूला जास्त असतात आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्यांच्या आत काळपट, मेलेला गाभा आणि भोवती उजळ कडा दिसते. रक्तातून पसरलेल्या मिलिअरी टीबीचे दाणे अशी कोणती वाट न धरता सगळीकडे विखुरतात. भोसरीकडच्या फाउंड्रीत वाळूत काम केलेल्या माणसाच्या बाबतीत वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिसही असेच चित्र उभे करतो, त्यामुळे कामाची चौकशी सुटता कामा नये. स्कॅन शंका कमी करतो, संपवत नाही. ईबसने, म्हणजे श्वासनलिकेत सोनोग्राफीची दुर्बीण घालून, गाठीतला नमुना घेतात आणि त्याची सीबीनॅट ही टीबीच्या जंतूंचे जनुक शोधणारी चाचणी आणि कल्चर होतेच.

समजा, कोथरूडची ४२ वर्षांची एक शिक्षिका आहे. तिला कोरडा खोकला आहे, ताप नाही. स्कॅन वर सांगितल्यासारखा, टीबीची कातडीवरची मॅन्टू चाचणी निगेटिव्ह, नमुन्यात मृत गाभा नसलेले ग्रॅन्युलोमा आणि सीबीनॅट निगेटिव्ह. डोळे, ईसीजी, यकृत, मूत्रपिंड आणि कॅल्शियम सगळे ठीक. फुंकण्याच्या तपासणीत एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा, २.४० लिटर. इथे थांबणे योग्य. तीन महिन्यांनी आकडा २.३६, म्हणजे तपासणीतला नेहमीचा फरक. सहाव्या महिन्यात तो २.०८ वर येतो आणि जिना चढताना दम लागतो. ही घट १३ टक्के झाली. साधारण १० टक्क्यांची घट खरी मानतात, आणि जोडीला त्रासही वाढला आहे, तेव्हा आता औषध हवे. आकडा २.३६ वरच राहिला असता, तर स्कॅनमधले डाग तसेच असले तरी गोळी द्यायचे कारण नव्हते.

काही प्रसंगी मात्र थांबायचे नसते, मग फुप्फुस कितीही चांगले असो: हृदयाचे ठोके चुकणे, मेंदू किंवा नसांचा त्रास, थेंबांनी न आटोपणारी डोळ्यांची सूज, आणि वाढलेले कॅल्शियम. या आजारातले ग्रॅन्युलोमा स्वतःच कार्यक्षम ड जीवनसत्त्व तयार करतात. नेहमीच्या रक्ततपासणीत हे कार्यक्षम रूप नव्हे तर साठ्यातले ड मोजले जाते आणि ते कमी दिसते, म्हणून ६०,००० युनिटची पावडर आठवड्याला सुरू होते आणि कॅल्शियम चढते. हे पुण्यात अगदी सहज होते, कारण ती पावडर जवळजवळ प्रत्येक घरात आहे.

डोसचा वाद अलीकडे जरा निवळला. चंदीगडमधल्या एका चाचणीत ८६ पेशंटांमध्ये प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे २० आणि ४० मिलिग्रॅम असे सुरुवातीचे डोस ताडून पाहिले. आजार उलटण्यात फरक दिसला नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या शहरी माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे, तरी कित्येक चिठ्ठ्यांवर सवयीने ४० च उतरते. २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या १३८ पेशंटांच्या चाचणीत सुरुवातीलाच मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे, स्टेरॉइड नसलेले औषध दिले तर २४ आठवड्यांनी एफव्हीसीत ते प्रेडनिसोन या स्टेरॉइडपेक्षा कमी पडले नाही. स्टेरॉइडने वजन वाढले आणि झोप उडाली, मेथोट्रेक्सेटने मळमळ झाली आणि यकृताचे आकडे बिघडले. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते, म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा. आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण गर्भावर त्याचा घातक परिणाम होतो.