लॉगिनला किती मेमरी द्यायची?

चोरीला गेलेल्या डेटाबेसमधले पासवर्ड साध्या एसएचए-२५६ हॅशने साठवलेले असतील, तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासून पाहतं. आर्गॉन२ ही हॅशिंगची पद्धत प्रत्येक अंदाजाला भरपूर मेमरी लावून त्याला अडवते. लक्झेंबर्ग विद्यापीठात तयार झालेली ही पद्धत २०१५ साली पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत विजेती ठरली. एका अंदाजाला ६४ एमबी लागत असतील, तर २४ जीबीच्या कार्डावर एका वेळी जास्तीत जास्त ३८४ अंदाज मावतात. कार्डात हजारो गणनकेंद्रं असली तरी बहुतेक रिकामी बसतात.

आर्गॉन२ला तीन आकडे द्यावे लागतात: मेमरी (`m`), तिच्यावरून किती फेऱ्या मारायच्या (`t`) आणि काम किती समांतर पट्ट्यांत वाटायचं (`p`). ते ठरवताना बहुतेकजण विचारतात, ‘लॉगिनला अर्धा सेकंद लागला तर चालेल ना?’ वापरणाऱ्याला चालेल. सर्व्हरला चालेल का, हा हिशेब वेगळा आहे.

समजा, एका विद्यापीठाचं परीक्षा अर्जांचं संकेतस्थळ आहे. सर्व्हरला ४ कोअर आणि ८ जीबी रॅम. डेटाबेस आणि बाकीचा पसारा ५ जीबी खातो. एरवी लॉगिन तुरळक, पण शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सेकंदाला ८. हॅशिंगला आपण २ कोअर देऊ शकतो. म्हणजे दर सेकंदाला २ कोअर-सेकंद हातात आणि त्यात ८ लॉगिन बसवायची; एकाला जेमतेम पाव सेकंद. तोही पूर्ण वापरून चालत नाही, कारण लॉगिन शिस्तीत एकामागून एक येत नाहीत. कोअर पूर्ण भरलेले असताना चार जण एकदम आले की रांग वाढतच जाते. म्हणून निम्मी क्षमता मोकळी ठेवू. उरला सव्वाशे मिलिसेकंद. अर्ध्या सेकंदाची मुभा होती, पण खरी मर्यादा गर्दीने घातली.

`p` वाढवून सुटका होते का? एकट्या लॉगिनला कमी वेळ लागतो, पण कामाची बेरीज तेवढीच राहते. गर्दीत दुसऱ्या कोअरवर दुसऱ्या कुणाचं लॉगिन चालूच असतं. इथे `p=1` पुरे.

आता मोजमाप. ते त्याच सर्व्हरवर करायचं, स्वतःच्या लॅपटॉपवर नाही:

```
echo -n "chachani" | argon2 tatpurtesalt -id -t 3 -m 16 -p 1
```

इथे `-m 16` म्हणजे २चा १६वा घात इतके केबी, म्हणजे ६४ एमबी. समजा, वेळ आला ०.१८ सेकंद. वेळ साधारण मेमरी गुणिले फेऱ्या या प्रमाणात बदलतो, म्हणून दोन फेऱ्यांना ०.१२ सेकंद लागतील. बसलं: ६४ एमबी, `t=2`. एका फेरीतही वेळ हाताबाहेर गेला असता, तर मेमरी कमी करावी लागली असती. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या शिफारशीत १९ एमबी आणि दोन फेऱ्या अशी जोडी आहे. त्याहून हलकी मांडणी मी तरी ठेवणार नाही.

हीच आज्ञा आता `-t 2` देऊन दोन खिडक्यांत एकदम चालवून पाहा. रॅमकडे जाणारा रस्ता सामायिक असल्यामुळे प्रत्येकीला थोडा जास्त वेळ लागेल. हिशेबात धरायचा आकडा हाच. मोकळ्या यंत्रावरचा आकडा फसवा असतो.

मेमरीचा हिशेब लोक हमखास चुकवतात. ६४ एमबीला गुणायचं ते एकूण विद्यार्थ्यांनी नव्हे, तर एकाच क्षणी चालू असलेल्या हॅशांनी. वेब सर्व्हरचे ६० थ्रेड एकदम हॅश करायला लागले तर ३,८४० एमबी हवेत आणि शिल्लक आहेत ३ जीबी. अशा वेळी लिनक्स एखादी मोठी प्रक्रिया मारून मोकळा होतो आणि ती बहुधा डेटाबेस असते. वरवर ‘डेटाबेस अचानक बंद पडला’ एवढंच दिसतं. `dmesg` मध्ये `Out of memory: Killed process` अशी ओळ सापडली की खरं कारण कळतं.

उपाय सोपा आहे. हॅशिंगपुढे एक दार ठेवायचं आणि एका वेळी दोघांनाच आत सोडायचं. मग हॅशिंगला १२८ एमबीच लागतात आणि गर्दी झाली तर मेमरी नाही, रांग वाढते. रांगेलाही कमाल लांबी हवी, नाहीतर कुणी खोट्या लॉगिनांचा मारा करून खरे विद्यार्थी ताटकळत ठेवील. एकाच आयपी पत्त्यावरून येणाऱ्या प्रयत्नांवरची मर्यादा याच कारणासाठी हॅशिंगच्या आधी तपासायची.

पुढे मोठा सर्व्हर आला की आकडे वाढवता येतात. प्रत्येक साठवलेल्या हॅशच्या सुरुवातीला `$argon2id$v=19$m=65536,t=2,p=1$` असं लिहिलेलं असतं, त्यामुळे जुने हॅश जुन्याच आकड्यांनी तपासले जातात. नव्या आकड्यांनी हॅश मात्र विद्यार्थ्याने पुढचं यशस्वी लॉगिन केलं तेव्हाच करता येतो, कारण मूळ पासवर्ड सर्व्हरच्या हाती तेवढ्याच क्षणी असतो. वर्षानुवर्षं न फिरकलेल्यांची खाती त्यामुळे जुन्या, हलक्या आकड्यांवरच राहतात. ठरावीक मुदतीनंतर त्यांचे हॅश काढून टाकून नवा पासवर्ड घ्यायला लावणं बरं.