नवरंगांच्या निरोपामागची गोष्ट

“आज चौथी माळ, गुरुवार, पिवळा! पिवळी ओढणी नसेल तर शेवंतीचा गजरा माळा, पण ग्रे घालून कुणी आलीच तर तिला शनिवारपर्यंत गोलाबाहेर उभी करणार. दोन टाळी घरी घोटून या, तीन टाळी मैदानात बघू. येताय न्हवं?”

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गरब्याच्या ग्रुपवर नवरात्रात सकाळी असा निरोप पडतो. चार ओळींच्या या गमतीत तीन वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: माळ, गरबा आणि रंग.

यात आपल्याकडची सगळ्यांत जुनी म्हणजे माळ. सीमाभागात नवरात्राचे दिवस आजही माळांवर मोजतात. घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरायचं, मधे घट ठेवायचा आणि रोज वरून एक माळ सोडायची. या माळांनाही रंग आहेत. अनेक घरांत पहिली माळ शेवंतीसारख्या पिवळ्या फुलांची, दुसरी पांढऱ्या फुलांची, तिसरी निळ्या गोकर्णाची असा क्रम सांगतात. तो वाराप्रमाणे हलत नाही. पहिली माळ सोमवारी येवो की गुरुवारी, पिवळीच.

गरबा गुजरातचा. छिद्रांच्या मातीच्या घटात दिवा लावून त्याच्याभोवती बायकांनी फेर धरायचा, हे त्याचं मूळ रूप. डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या बाजूला याच ऋतूत, हस्त नक्षत्र लागलं की, हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून हादग्याची गाणी म्हणायची रीत होती. फेर धरायची सवय पायांत होतीच, टाळी तेवढी नव्याने शिकावी लागली.

राहिले रंग. कपड्यांचे नऊ रंग हे प्राचीन शास्त्र आहे असं पुष्कळजणी मनापासून मानतात, पण आज आपण पाळतो ती पद्धत रुजली ती वर्तमानपत्रामुळे. साधारण 2003-04 च्या सुमारास, भारतकुमार राऊत संपादक असताना, ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्रात रोजचा रंग छापायला सुरुवात केली. त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांच्या गटांचे फोटोही अंकात येऊ लागले. मुंबईच्या लोकल आणि ऑफिसं एकेका रंगाने भरून गेली. पुढे मोबाईलवरून ही यादी कुठल्याही अंकाची वाट न बघता सगळीकडे पोचली. राज्याच्या सीमेने तिला अडवलं नाही. बेळगावात आज मराठी आणि कन्नड शेजारणी एकाच रंगात दिसतात.

यादी बनते कशी, ते एकदा कळलं की ती पाठ करावी लागत नाही. रंग वाराला बांधलेला असतो: सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार ग्रे, रविवार नारिंगी. सात वार संपले की उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले रंग देतात. इथे मात्र वाराची मदत होत नाही, म्हणून आठव्या-नवव्या दिवशी दोन ग्रुपवर दोन रंग फिरतात आणि मैदानात निम्म्या गुलाबी, निम्म्या जांभळ्या दिसतात. अशा वेळी ग्रुपमधल्या एकीने आदल्या दिवशीच रंग ठरवून टाकावा.

घोळ होतो तो जुना निरोप पुढे ढकलल्यामुळे. 2024 मध्ये घटस्थापना 3 ऑक्टोबरला, गुरुवारी होती. त्यामुळे चौथा दिवस रविवार आणि रंग नारिंगी. 2025 मध्ये घट 22 सप्टेंबरला, सोमवारी बसले. चौथा दिवस गुरुवार, म्हणजे पिवळा. त्या वर्षी “चौथी माळ, नारिंगी” असा निरोप आला असेल तर तो 2024 चा होता, हे वार बघताच कळतं. शिवाय 2025 मध्ये एक तिथी दोन दिवस आल्याने दसऱ्याआधी दहा दिवस मिळाले आणि रंगही दहा लागले.

याच हिशोबाने आणखी एक समजूत तपासता येते. “शैलपुत्रीला पांढरा आवडतो” असं निरोपात हमखास असतं. देवींचा क्रम दरवर्षी तोच; पहिला दिवस शैलपुत्रीचाच. पण पहिल्या दिवसाचा रंग 2023 ला नारिंगी, 2024 ला पिवळा, 2025 ला पांढरा होता. म्हणून निरोपात देवीचं नाव घ्यावं, माळ घ्यावी, रंगही घ्यावा. फक्त रंग देवीच्या आवडीवर ढकलू नये. माझ्या मते कपाटात त्या रंगाचं काही नसलेल्या मैत्रिणीला गोलात यायला संकोच वाटू नये, यासाठी ही माहिती मोलाची आहे. त्या रंगाची साडी नसेल तर केसात फूल किंवा हातात बांगडी पुरते, आणि तेही नसेल तर ती हिरवी साडी नेसून गुरुवारीही आली तरी चालतं.