स्टेशनच्या पाटीवरचा समुद्र

सोलापूर स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी आहे. तिच्यावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली आहे, साडेचारशे मीटरच्या आसपास. सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट पाहत मी ती पाटी शेकडो वेळा वाचली असेन. ही उंची नेमकी कुठून मोजली, हा प्रश्न मात्र मला पडला तो मुंबईहून आलेल्या एका फोनमुळे. परळला राहणारी माझी थोरली बहीण म्हणाली, "आज भरती चार-साठची आहे, वर पाऊस. तू उद्याच निघ." चार मीटर साठ सेंटीमीटर, पण कशाच्या वर? तिचा शून्य आणि आमच्या पाटीचा शून्य एकच असता, तर तिचं निम्मं शहर महिन्यातून दोनदा पाण्याखाली जायला हवं होतं.

शून्य वेगवेगळे आहेत. समुद्राची पातळी वाढण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक आहे. त्याची जुनी रचना साधी होती. समुद्राला जोडलेली एक उभी विहीर, तिच्यात तरंगणारा फ्लोट आणि त्याला जोडलेली, फिरत्या कागदावर रेघ ओढणारी पेन्सिल. विहिरीचं तोंड लहान ठेवलेलं असल्यामुळे लाटांची थरथर आत पोचत नाही, फक्त भरती-ओहोटीचा संथ चढउतार नोंदला जातो. अशा नोंदींची वर्षानुवर्षांची सरासरी म्हणजे 'सरासरी समुद्रसपाटी'. देशाच्या उंचीचं जाळं १९०९ मध्ये पक्कं झालं, तेव्हा कराचीपासून ओरिसाच्या फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ भरतीमापकांच्या सरासऱ्या शून्य मानल्या गेल्या. रेल्वे पाट्यांवरच्या उंचीची परंपरा त्या जाळ्यातली आहे. थोडक्यात, आपल्या पाटीवरचा समुद्र शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. पाटी तिथेच राहिली, समुद्र वर सरकला.

ताईचे चार-साठ निराळे. भरतीचं कोष्टक जहाजांसाठी असतं आणि नावाड्याला काळजी असते ती तळ घासण्याची. म्हणून त्याचा शून्य नीचतम ओहोटीच्या जवळपास धरतात. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या २.५१ मीटर वर आहे. चार-साठमधून अडीच वजा केले की उरतात दोन मीटर आणि थोडे. त्यात महापालिकेचा तिसराच शून्य आहे, टाऊन हॉल डेटम, गटारांच्या आणि रस्त्यांच्या उंचीसाठी. बातमीतला आकडा कुठल्या शून्यावरचा हे न पाहता शहर बुडण्याचे नकाशे रंगवले जातात, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता समुद्र वर का सरकला? मे महिन्यात सोलापुरात रूळ तापून वाढतात. पाण्याचंही तसंच होतं, फक्त पाण्याला बाजूने पसरायला जागा नसते, म्हणून ते वर चढतं. वीस अंशांच्या आसपासचं समुद्राचं पाणी एक अंशाने तापलं, तर दर दहा हजार भागांमागे साधारण अडीच भाग फुगतं. वरचा सातशे मीटरचा थर एका अंशाने तापला असं धरू. सातशेला अडीच दशहजारांशाने गुणलं की साडेसतरा सेंटीमीटर येतात. म्हणजे बर्फाचा एक थेंबही न मिसळता पातळी जवळजवळ वीतभर वर. थंड पाणी याहून बरंच कमी फुगतं, त्यामुळे हीच उष्णता विषुववृत्ताजवळ मुरली की ध्रुवाजवळ, यावर उत्तर बदलतं. शाळेत शिकलेला 'चार अंशांखाली पाणी पुन्हा फुगतं' हा नियम इथे विसरायचा. तो गोड्या पाण्याचा. समुद्राइतकं खारं पाणी गोठेपर्यंत आक्रसतच जातं.

दुसरं कारण बर्फ, पण जमिनीवरचा. सरबतातला बर्फ वितळला तरी पेला सांडत नाही, तसा तरंगता हिमखंड पातळी जवळपास वाढवत नाही. हिमनद्या, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका यांच्यावरचं जे पाणी उतरून समुद्राला मिळतं, ते भर घालतं. जगाच्या समुद्राची पातळी एक मिलिमीटर वाढवायला सुमारे ३६० घन किलोमीटर पाणी लागतं.

इथे आपलं उजनी आठवतं. तुडुंब भरलं की सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ३.३ घन किलोमीटर. गणित केलं तर उजनीने जगाचा समुद्र मिलिमीटरच्या एका शतांशाने खाली धरला आहे! हसू येईल, पण जगातल्या सगळ्या धरणांनी मिळून विसाव्या शतकात सुमारे तीन सेंटीमीटर पाणी असं अडवून ठेवलं, आणि हिशेब मांडताना ते धरावं लागतं. उलट बाजूला आपल्या बोअरवेल आहेत. पाचशे फुटांखालून उपसलेलं पाणी उसातून हवेत जातं, पावसातून शेवटी समुद्राला मिळतं आणि तिथे जमा होतं.

हा हिशेब खरोखर जुळू लागला तो अलीकडे. किनाऱ्यावरचा भरतीमापक समुद्र चढला की जमीन खचली हे सांगू शकत नाही. बंगालच्या डायमंड हार्बरला आकडा मोठा येतो, कारण तिथला त्रिभुज प्रदेशच खाली बसतोय. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह सुटला आणि १९९३ पासून पातळी वरून मोजली जाऊ लागली. २००२ च्या ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकावरून बर्फाचं वजन घटताना टिपलं. त्याच सुमारास समुद्रात आर्गो फ्लोट सोडले गेले. ते दोन किलोमीटर खोल बुडी मारतात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि दर दहा दिवसांनी कळवतात. फुगवटा अधिक वितळलेलं पाणी बरोबर एकूण वाढ, असा ताळा लागला. १९७१ ते २०१८ या काळातल्या वाढीचा साधारण अर्धा भाग फुगवट्याचा निघाला. अलीकडच्या वर्षांत बर्फाने त्याला मागे टाकलं आहे. वेगही बदलला. १९०१ ते १९७१ मध्ये वर्षाला १.३ मिलिमीटर, २००६ ते २०१८ मध्ये ३.७. अपोलो बंदराची विसाव्या शतकातली सरासरी मिलिमीटरहून थोडी कमीच होती, म्हणून तिथली जुनी रेघ तशीच पुढे ओढून भविष्य काढता येत नाही.

पुढचा आकडा मात्र एक नाही. २१०० पर्यंतची वाढ, उत्सर्जन किती यावर, जवळजवळ एक फूट ते एक मीटर, आणि अंटार्क्टिकाचं वागणं पूर्ण कळलेलं नाही. मग शहराने भिंत किती उंच बांधावी? लंडनने याचं एक उत्तर शोधलं. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक आणि इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर थेम्सवर उघडझाप होणारा अडसर आला, १९८४ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. २०१२ च्या आराखड्यात त्यांनी अमुक सालापर्यंत अमुक उंची असं न ठरवता खुणा ठरवल्या. पातळी इथवर आली की तटबंदी उंच करायची, तिथवर आली की नव्या अडसराचा निर्णय, आणि काम पुरं व्हायला लागणारी वर्षं आधीच वजा करायची. २०२३ च्या फेरआढाव्यात अडसराच्या वरच्या अंगाची तटबंदी उंचावण्याची मुदत पंधरा वर्षं अलीकडे ओढून २०५० केली. दरवाजे किती वेळा मिटतात हीदेखील एक खूण आहे. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ते पन्नास वेळा मिटले. फार वेळा मिटवले तर देखभालीला सवड राहत नाही आणि एखाद्या रात्री न मिटण्याचा धोका वाढतो.

मुंबईत समुद्र भिंत ओलांडून येण्याआधी गटाराच्या तोंडाशी येतो. जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आणि तेही ओहोटी असेल असं धरून बांधलेली. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० चं लक्ष्य आणि पंपाने पाणी उपसणारी उदंचन केंद्रं सुचवली. कामाला गती आली ती २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळल्यावर.

एक कल्पित तोंड घेऊ. समुद्र सरासरी सपाटीच्या एक मीटर वर चढला की त्यातून पाणी बाहेर जात नाही, झडप मिटावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत साडेतीन मीटरहून जास्त फरक असतो. कच्चं गणित मांडलं तर दर भरतीला ते तोंड सुमारे चार तास बंद राहतं. समुद्र अर्धा मीटर वाढला की पाच तासांहून थोडं जास्त. तासाभराचा फरक, म्हटलं तर किरकोळ. पण अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती-ओहोटी, पाहा. आज भांगाची भरती त्या एक मीटरच्या खुणेपर्यंत पोचतच नाही, तोंड दिवसभर उघडं. अर्धा मीटर वाढल्यावर तेही दर भरतीला साडेतीन तासांच्या आसपास मिटतं. जे दिवस आज मोकळे आहेत, तेच हातचे जातात.

त्या एका जादा तासात ताशी ५० मिलिमीटरने एक चौरस किलोमीटरवर पडणारं पाणी पाच कोटी लिटर होतं. ते पंपाने उपसा किंवा कुठेतरी साठवा. ताईच्या घराजवळ हिंदमाताला दोन्ही उपाय आहेत. रे रोडचं ब्रिटानिया उदंचन केंद्र आणि बागेखाली, मैदानाखाली खणलेल्या टाक्या. भरती उतरेपर्यंत पाणी टाक्यांत धरायचं, मग सोडायचं. ताई कॅलेंडरवर पावसाळ्याचे उधाणाचे दिवस लाल पेनाने गोल करते. भांगाच्या दिवसांना ती अजून हात लावत नाही.